मदत हवी आहे: ओमानच्या सरकारी पत्रातला मायना आणि शेवट इंग्रजीत कसा आणायचा?

सागरवेळ:
नमस्कार मंडळी. मी अरबीतून इंग्रजीत भाषांतराची कामं घेते. आजवर बहुतेक दाखले आणि वैद्यकीय रिपोर्ट केले. आता पहिल्यांदाच ओमानच्या एका मंत्रालयाचं पत्र आलंय. मस्कतमधल्या एका बांधकाम कंपनीला लिहिलेलं आहे आणि मुंबईत लवादापुढच्या फायलीत लागणार आहे, म्हणून प्रमाणित भाषांतर हवं. मधला मजकूर झाला. अडलंय ते मायन्यात आणि शेवटात.

वर आहे 'अल-अफादिल / शरिकत (कंपनीचं नाव) अल-मुहतरमीन'. मग सलाम आणि 'व बअद'. शेवटच्या परिच्छेदात 'युर्जा अत-तकर्रुम बि-मुवाफातिना', पुढे कागदपत्रांची नावं आणि सात दिवस. त्याखाली 'व तफद्दलू बि-कबूल फाइक अल-इहतिराम'. तळाशी दोन प्रती: एक 'मआली अस-सय्यिद /' आणि मंत्र्यांचं नाव, दुसरी 'सआदत / वकील अल-विजारा'.

मी पहिल्या खर्ड्यात 'द व्हर्च्युअस कंपनी, द रिस्पेक्टेड' असं लिहिलं, 'व बअद'चं 'अँड आफ्टर', मंत्र्यांना 'हिज एक्सलन्सी मिस्टर' आणि शेवटच्या प्रतीला 'द ॲडव्होकेट ऑफ द मिनिस्ट्री'. तपासणाऱ्यांनी सगळ्यावर लाल रेघ मारून परत पाठवलं, कारण काही लिहिलं नाही. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

टेबलाखालून:
ताई, एवढा विचार करू नका. आमच्या ऑफिसात अरबी पत्र आलं की वर 'डिअर सर्स', खाली 'युअर्स फेथफुली', आणि मधली सगळी मानाची भाषा उडवायची. इंग्रजीत ती शोभत नाही. साहेबाला कामाचं तेवढंच हवं असतं.

मस्कतमुक्काम:
साहेबाला सारांश द्यायचा असेल तर तुमचं बरोबर आहे. 'डिअर सर्स' आणि 'युअर्स फेथफुली' ही जोडीही इंग्रजी रीतीप्रमाणे बरोबर. पण मानाची भाषा उडवताना लोक नेमकं 'युर्जा अत-तकर्रुम' उडवतात, आणि या पत्राचा जीव तिथेच आहे. 'तकर्रुम' म्हणजे औदार्य दाखवणं. वाचायला नमस्कारासारखं वाटतं, पण त्यामागे 'मुवाफातिना' आलंय, म्हणजे आम्हाला पाठवा. 'सात दिवसांत ही कागदपत्रं सादर करावीत' अशी ती मागणी आहे. इंग्रजीत 'यू आर काइंडली रिक्वेस्टेड टु प्रोव्हाइड अस विथ' असं आणा आणि मुदत त्याच वाक्यात ठेवा. 'वी होप फॉर युअर जेनरॉसिटी' लिहिलंत तर लवादाला वाटेल मंत्रालय मेहेरबानी मागत होतं, आणि कंपनी म्हणेल आम्हाला मुदत घातलीच नव्हती.

आता मायना. मी मस्कतमध्ये एका कंपनीच्या सरकारी पत्रव्यवहारात बरीच वर्षं आहे. इजिप्त किंवा अमिरातीच्या पत्रात कंपनीला 'अस-सादा' लिहितात, ओमानमध्ये 'अल-अफादिल'. दोन्ही म्हणजे आपलं 'मेसर्स'. एकटा माणूस असला तर ओमानमध्ये 'अल-फादिल', म्हणजे साधं 'मिस्टर'. बाई असली तर 'अल-फादिला'. सद्गुणाचा त्यात काही संबंध राहिलेला नाही. तिरकी रेघ ही अरबी कागदावरची सवय आहे, ती इंग्रजीत आणू नका.

'मिस्टर'ची चूक मात्र मोठी आहे. कैरोत 'अस-सय्यिद' म्हणजे मिस्टर. ओमानमध्ये ती आल बू सईद या राजघराण्याची पदवी आहे. परराष्ट्रमंत्री बद्र अल-बूसईदी यांचं नाव अधिकृत इंग्रजी निवेदनात 'हिज एक्सलन्सी सय्यिद' असंच येतं. तुमच्या पत्रातही 'सय्यिद' तसंच ठेवायचं. खात्री करायची सोपी खूण: त्याच पत्रात साध्या माणसांना 'अल-फादिल' म्हटलंय आणि एखाद्यालाच 'अस-सय्यिद', तर ती पदवी. आडनावही बघा.

सागरवेळ:
बाप रे, हे मला कुठल्याच शब्दकोशात सापडलं नसतं. आडनाव अल-बूसईदीच आहे! आणि 'वकील'?

मस्कतमुक्काम:
तिथे आपली मराठी आडवी येते. 'वकील अल-विजारा' कोर्टातला वकील नव्हे, तो मंत्र्यांच्या खालोखालचा अधिकारी, इंग्रजीत 'अंडरसेक्रेटरी'. कोर्टातल्या वकिलाला अरबीत 'मुहामी' म्हणतात. 'सआदत'चा मूळ अर्थ आनंद, सुख. 'मआली' उंचीवरून आलाय. पण इंग्रजीत मंत्र्यांची 'मआली' आणि अंडरसेक्रेटरी किंवा राजदूताची 'सआदत' दोन्ही 'हिज एक्सलन्सी'च होतात. पायरीचा फरक इंग्रजीत हरवतो. म्हणून हुद्दा पूर्ण लिहा, तोच फरक सांगेल.

नर्सबाई_नाशिक:
माझंही असंच अडलंय. सौदीतल्या अनुभवाच्या दाखल्यावर 'इला मन यहुम्मुहु अल-अम्र' आहे. हे कोणाचं पद? दाखला कोणाच्या नावे काढलाय ते कळत नाही.

मस्कतमुक्काम:
ते पद नाही. 'टु हूम इट मे कन्सर्न'. दाखला कोणालाही दाखवता येतो.

मोडीवाचक:
'व बअद'वर दोन शब्द. अक्षरशः 'आणि नंतर', म्हणजे नमस्कार संपला, आता कामाचं. आपल्या जुन्या पत्रांत 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती उपरी' यातलं 'उपरी' हेच काम करतं. आखाती शेखांची पत्रं बुशहरच्या इंग्रज रेसिडेंटकडे यायची, आणि ती रेसिडेन्सी बराच काळ मुंबई सरकारच्या हाताखाली होती. तिथले भाषांतरकार सगळा नमस्कार 'आफ्टर कॉम्प्लिमेंट्स' या दोन शब्दांत बसवायचे. आखातातल्या इंग्रजीत ते अजून दिसतं. तेच लिहा, परंपरेला धरून होईल.

शिवाय 'फादिल' म्हणजे आपलं 'फाजील'! अरबीत त्याचा एक अर्थ उरलेलं, जास्तीचं, आणि दुसरा गुणवान. मराठीने पहिला उचलला. मला फार आवडतात असे शब्द.

मस्कतमुक्काम:
'आफ्टर कॉम्प्लिमेंट्स' आखातातल्या वाचकाला कळतं. मुंबईतल्या लवादाला विचित्र वाटेल, इंग्रजीत ते कुठल्या वाक्याचा भागच नाही. मी सलाम पूर्ण लिहीन, 'पीस बी अपॉन यू, अँड द मर्सी ऑफ गॉड अँड हिज ब्लेसिंग्ज', कारण प्रमाणित भाषांतरात ओळ गाळायची नाही. त्याच्या पाठोपाठचं 'व बअद' म्हणजे नवा परिच्छेद. वेगळा शब्द नको.

मोडीवाचक:
मग तीही एक गाळलेली गोष्टच झाली की. मला नाही पटलं.

सागरवेळ:
दोघांचंही वाचलं. आता शेवटच्या ओळीचं सांगा. नुसतं 'युअर्स फेथफुली' चालेल, की 'प्लीज ॲक्सेप्ट द अशुरन्सेस ऑफ अवर हायेस्ट कन्सिडरेशन'? दुसरं मी एका राजनैतिक पत्रात पाहिलं होतं.

मस्कतमुक्काम:
ते परराष्ट्र मंत्रालय दूतावासाला लिहितं तेव्हाचं. तिथे इंग्रजीचा साचा ठरलेला आहे: सुरुवातीला 'प्रेझेंट्स इट्स कॉम्प्लिमेंट्स', शेवटी 'अवेल्स इटसेल्फ ऑफ धिस ऑपॉर्च्युनिटी'. खात्याने कंत्राटदाराला लिहिलेल्या पत्राला तो लावलात तर दोन सरकारं बोलताहेत असं वाटेल. इथे 'प्लीज ॲक्सेप्ट अवर हायेस्ट रिस्पेक्ट' एवढी ओळ ठेवा आणि खाली सरळ सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा. मूळ ओळ शेवटच्या नमस्काराचीच आहे, तिच्याखाली 'युअर्स फेथफुली' जोडलंत तर दोनदा नमस्कार होईल.

सागरवेळ:
खर्डा पुन्हा लिहिला: 'मेसर्स' आणि कंपनीचं नाव, पूर्ण सलाम, मग नवा परिच्छेद, सात दिवसांचं वाक्य तुम्ही सांगितलं तसं. प्रतींत 'हिज एक्सलन्सी सय्यिद' आणि 'हिज एक्सलन्सी द अंडरसेक्रेटरी ऑफ द मिनिस्ट्री'. एकच राहिलं: 'अल-मुहतरमीन'. 'मेसर्स'मध्येच तो मान आला असं धरून सोडू का? पण मग ओळ न गाळण्याचा नियम?

मस्कतमुक्काम:
मी सोडतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दर वेळी 'द रिस्पेक्टेड' लिहितात आणि त्यांचीही भाषांतरं स्वीकारली जातात. तपासणाऱ्यांना फोन करून विचारा, त्यांच्याकडे आधीच्या फायलींत काय चाललंय तेच धरा.