स्वरयंत्राचा कॅन्सर: एक डॉक्टर टी३ म्हणतात, दुसरे टी४ए. केमो-रेडिएशन की ऑपरेशन?

मेघना_के
बाबा ६४ वर्षांचे, वजन ५८ किलो. आवाज बरेच महिने घोगरा होता, सर्दी-खोकला समजून अंगावर काढला, आता दुर्बिणीतून बघितलं तर डावी व्होकल कॉर्ड अजिबात हलत नाहीये. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आलाय. सीटीत लिहिलंय की गाठ कॉर्डच्या बाजूच्या चरबीच्या जागेत गेलीये आणि थायरॉइड कार्टिलेजची आतली बाजू खाल्ल्यासारखी 'वाटते'. मानेत गाठी नाहीत, छाती क्लिअर. पहिले डॉक्टर म्हणाले टी३ आहे, केमो आणि रेडिएशन एकदम देऊ, आवाज वाचेल. दुसरे म्हणाले हे टी४ए आहे, पूर्ण स्वरयंत्र काढा. बाबा म्हणतात आवाज गेला तर जगून काय करू. आणि टी४ म्हणजे शेवटची स्टेज का? प्लीज कोणीतरी नीट सांगा.

प्रवासी७
ताई घाबरू नका. आमच्या मामांना व्होकल कॉर्डचाच होता, रेडिएशन केलं आणि आज आधीसारखं बोलतात. आधी रेडिएशनच घ्या, नाही जमलं तर ऑपरेशन नंतर करता येतंच की. आधीच कापाकापी कशाला?

सुलभा_जे
माझा आवाज थायरॉइडच्या ऑपरेशननंतर बसला होता, स्पीच थेरपीने सुटला. थायरॉइड कार्टिलेज म्हणताय तर एंडोक्रायनॉलॉजिस्टला पण दाखवा ना.

डॉ_घसा
सुलभाताई, ती थायरॉइड ग्रंथी. हे कार्टिलेज म्हणजे गळ्यावर हाताला लागणारा कंठमणी, त्याचा तिच्याशी संबंध नाही. एक मात्र खरं, मानेला रेडिएशन मिळालं की पुढे ग्रंथी मंदावू शकते, म्हणून टीएसएच अधूनमधून बघावा लागतो.

मेघना, मी हेड-नेक सर्जन आहे, पेशंट न बघता निर्णय सांगणार नाही पण दोघांचं मत का वेगळं ते सांगतो. कॉर्ड हलत नाही, म्हणजे किमान टी३ झालाच. कार्टिलेजची फक्त आतली कड खाल्ली असेल तरीही टी३च. गाठ बाहेरची कड फोडून पलीकडे गेली तर टी४ए. म्हणजे सगळा वाद त्या पातळ भिंतीच्या बाहेरच्या कडेवर आहे, आणि नेमकं तिथेच सीटी फसवतो, कारण कार्टिलेजचा जो भाग हाडासारखा कडक झालेला नसतो तो गाठीसारखाच दिसतो आणि नुसत्या सुजेनेही कार्टिलेज दाट दिसू शकतं. एमआरआय करून घ्या, आणि डोकं-मान रोज बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून दोन्ही एकत्र वाचून घ्या. एमआरआयमध्ये कार्टिलेज स्वच्छ दिसलं तर त्यावर बराच भरवसा ठेवता येतो, 'धरलंय' म्हणाला तर मात्र ती नुसती सूजही असू शकते.

आणि टी४ए ला कागदावर स्टेज चार लिहितात, पण तो आकडा 'शरीरभर पसरला' असं सांगत नाही. गाठी नाहीत, छाती क्लिअर आहे, म्हणजे बरं करायच्या उद्देशानेच उपचार होतील.

प्रवासी, तुमच्या मामांचा बहुधा टी१ असेल, कॉर्ड हलती असेल. तिथे लेझर किंवा नुसतं रेडिएशन पुरतं. 'नंतर ऑपरेशन आहेच' हे अर्धं खरं आहे. करता येतं, पण रेडिएशन झालेली चामडी-स्नायू नीट जुळत नाहीत, घशातून मानेवर भोक पडून लाळ गळायचं प्रमाण वाढतं, बऱ्याचदा छातीचा स्नायू आणून तिथे लावावा लागतो.

प्रवासी७
हो, टी१ च होता असं मावशी म्हणाली. पण मग केमो-रेडिएशनने स्वरयंत्र वाचतं असे आकडे येतात ते काय?

डॉ_घसा
येतात आणि खरे आहेत. २००३ मध्ये आलेल्या आरटीओजी ९१-११ ट्रायलमध्ये केमो-रेडिएशन एकदम दिलेल्यांपैकी ८८ टक्क्यांचं स्वरयंत्र दोन वर्षांनी जागेवर होतं. पण कार्टिलेज फोडून गेलेल्या मोठ्या टी४ गाठी त्यात घेतल्याच नव्हत्या. त्याआधीच्या १९९१ च्या ट्रायलमध्ये टी४ होते, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना शेवटी ऑपरेशन लागलंच.

अनघा_स्पीच
मी स्पीच आणि गिळण्याची थेरपिस्ट. स्वरयंत्र जागेवर असणं आणि ते काम करणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे पेशंटला कोणी सांगतच नाही, म्हणून लिहितेय. मेघना, बाबांना पाणी पिताना ठसका लागतो का? जिना चढताना घशातून आवाज येतो का? क्रिएटिनिन किती आहे, ऐकू नीट येतं का?

मेघना_के
पाण्याने ठसका लागतो, घट्ट खायला त्रास नाही. जिन्यावर धाप लागते, घरघर ऐकू येते. क्रिएटिनिन १.६. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण ते जुनंच आहे.

अनघा_स्पीच
मग हे तीन मुद्दे घेऊन जा. पाणी आत्ताच श्वासनलिकेत जात असेल तर रेडिएशननंतर ते सुधारेलच असं नाही, घसा आवळतो आणि काहींना जेवणाची ट्यूब कायमची राहते. आधी नाकातून दुर्बीण घालून गिळण्याची टेस्ट करून घ्या, उपचार सुरू व्हायच्या आधी, नंतर नाही. घरघर म्हणजे वाट अरुंद झालीये, हे डॉक्टरांना आजच सांगा, थांबू नका. तिसरं म्हणजे वय ६४, वजन ५८, क्रिएटिनिन १.६ धरून किडनीचा क्लिअरन्स ३८ च्या आसपास येतो. रेडिएशनबरोबर नेहमी देतात ते सिस्प्लॅटिन साधारण ५० च्या खाली देत नाहीत, कानालाही त्याचा त्रास होतो. म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा प्लॅन नेमकं कुठलं औषध धरून आहे ते विचारा. दुसरी औषधं आहेत, पण वरचे ८८ टक्के सिस्प्लॅटिनचे आहेत.

डॉ_घसा
अगदी हेच. ही तीन उत्तरं बघून मी, एमआरआय टी३ आला तरी, ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवणार नाही. पण माझ्या ओळखीचे रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट म्हणतील की ठसका थोडाच असेल तर संधी द्यावी. यावर आमचं एकमत होत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी एकाच टेबलावर बसून बोलावं, ट्यूमर बोर्डात केस ठेवायला सांगा.

नीळकंठ
माझं स्वरयंत्र काढलंय, आता गळ्यावर भोक आहे आणि मी फोनवर बोलतो. श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधे एक छोटं झडपवालं बटण असतं. भोकावर बोट दाबून श्वास सोडला की हवा अन्ननलिकेत जाते, तिथला घसा थरथरतो आणि आवाज येतो, जरा जाड, खरखरीत, पण माझाच. सर्जनला विचारा की बटण ऑपरेशनातच बसवणार का नंतर. काही महिन्यांनी ते बदलावं लागतं. मी रंगीत सरबत पिऊन आरशात टॉर्चने बघतो. मधून झिरपलं तर झडप खराब झाली, बहुतेक बुरशी, कडेने झिरपलं तर माप बसत नाही. बटण पडलं तर भोक काही तासांतच आकसायला लागतं, म्हणून घरी रबरी नळी ठेवायची, लगेच घालायची आणि हॉस्पिटल गाठायचं, शिवाय बटण छातीत गेलं नाही ना तेही बघून घ्यायचं. वास येणं कमी होतं आणि पोहायला जमत नाही, हे आधीच सांगतो.

मेघना_के
काका, बाबांशी एकदा बोलाल का? ते माझं ऐकत नाहीत. एमआरआय परवा आहे. घरघर सांगितल्यावर डॉक्टरांनी आजच बोलावलंय, म्हणाले श्वासासाठी आधी ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी, लागू शकते.

डॉ_घसा
ट्रॅकिओस्टॉमीची वेळ आली तर ज्यांच्याकडे पुढचं ऑपरेशन होऊ शकतं त्यांच्याकडेच, त्यांच्या सल्ल्याने करून घ्या. छेद कुठे घेतला यावर पुढच्या ऑपरेशनची आखणी बदलते. आणि रेडिओलॉजिस्टला स्पष्ट सांगा की प्रश्न कार्टिलेजच्या बाहेरच्या कडेचा आहे.

नीळकंठ
मेसेज करतोय, त्यांना संध्याकाळी फोन द्या.