मदत हवी आहे: चिपळूणमधल्या को-वर्किंगच्या जागेला नाव सुचवा

रानजाई
नमस्कार मंडळी. चिपळूणला स्वतंत्रपणे कामं घेणाऱ्यांसाठी, म्हणजे भाषांतर, डिझाइन, ऑटोकॅड, अकाउंट्स करणाऱ्यांसाठी बसायची जागा सुरू करते आहे. चौदा टेबलं, इन्व्हर्टर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट. जागा पहिल्या मजल्यावर घेतली, कारण २०२१ चा पूर पाहिल्यावर तळमजल्यावर वायरिंग करायला मन धजावलं नाही. पण त्यामुळे आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसत नाही. बोर्ड वाचूनच माणूस जिना चढणार.

सध्या दारावर 'को-वर्किंग स्पेस' असा कागद लावलाय. दोन आठवड्यांत एकाने आधार अपडेट होतं का विचारलं, एका वडिलांनी एमपीएससीच्या मुलासाठी महिन्याची फी विचारली. एक भाषांतर करणारी मुलगी तर अर्ध्या जिन्यावरून परत गेली. नंतर फोनवर म्हणाली, "ताई, मला वाटलं कुठल्या तरी कंपनीचं ऑफिस आहे, वर कोणी काय काम आहे विचारलं तर काय सांगू?" ते ऐकून फार वाईट वाटलं. तिला न अडखळता वर यावंसं वाटेल असं नाव हवंय.

डोक्यात आहेत: वर्कनूक, कट्टा, ओसरी, पडवी.

सह्यकडा
अभ्यासिकेला आमच्याकडे सगळे थोर व्यक्तींची नावं देतात. मीही गावात अभ्यासिका काढतोय, तीस खुर्च्या. लाकडी पार्टिशन घ्यावं की प्लायचं?

रानजाई
दादा, माझी अभ्यासिका नाही. इथे लोक फोनवर बोलणार, क्लायंटला भेटणार. अभ्यासिका समजून शांततेसाठी कोणी पैसे भरले तर पहिल्याच दिवशी भांडण होईल. पार्टिशनसाठी वेगळा धागा काढा, नक्की उत्तर देते.

हिशेबनीस
वर्कनूक ठेवा, तरुणांना आवडेल. दहापेक्षा कमी कामगार असले की मराठी पाटीची सक्ती नसते, त्यामुळे इंग्रजी बोर्ड चालेल.

फलकवाला
हिशेबनीस, ते २०२२ पर्यंत होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही असोत, पाटी मराठीत हवी. देवनागरी अक्षरं आधी आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. इंग्रजीला बंदी नाही, पण 'वर्कनूक' देवनागरीत मोठं लिहिलेलं कसं दिसतं ते एकदा कागदावर काढून बघा.

ताई, पंधरा वर्षं पाट्या करतोय, माझा अनुभव सांगतो. एका नावाकडून सगळी कामं मागू नका. नाव लक्षात राहायला असतं, काय मिळतं ते खालची ओळ सांगते. त्या मुलीला अडवलं ते नावाने नाही, ओळ नव्हती म्हणून. नावाखाली लिहा: 'लॅपटॉप घेऊन या, बसून काम करा. तासाने किंवा दिवसाने.' जिन्याच्या पहिल्या पायरीशी दर लिहा आणि 'आधी विचारायची गरज नाही, सरळ वर या' एवढं. गूगल मॅप्सवर मात्र पाटीवरचं नाव तेवढंच टाका, प्रकार वेगळा निवडायचा असतो. नावाला 'चिपळूण बेस्ट' वगैरे जोडणं त्यांच्या नियमात बसत नाही.

आता चाचणी. पाच-सहा जणांना फोन करा, नाव एकदाच सांगा, दोन्ही लिप्यांत लिहून पाठवायला सांगा. ज्याचं स्पेलिंग सगळे वेगळं करतात ते नाव शोधताना सापडत नाही.

मावळतीचा_वारा
कट्टा नको. हिंदी माणसाला गावठी पिस्तूल आठवतं, आणि आपल्याकडे कट्ट्यावर काम कोण करतं? क्लायंटला बिल पाठवताना त्यावर 'कट्टा' बरं दिसणार नाही.

रानजाई
सहा जणांना फोन केले. वर्कनूक: 'वर्कलूक', 'वर्क नो', आणि एकाने 'वर्कबुक' लिहिलं. बरोबर एकच. ओसरी मराठीत सगळ्यांनी नीट लिहिलं, पण इंग्रजीत osri, osari, osaree अशी तीन रूपं आली. पडवी सहाही जणांनी बरोबर, इंग्रजीत चौघांचं padvi आणि दोघांचं padavi.

आईला विचारलं तर म्हणाली, पडवीत येणाऱ्याला आत या म्हणावं लागत नाही, तो येऊन बसतो आणि मग पाणी विचारायचं. मला हेच हवं होतं.

तापीकाठ
नंदुरबारकडे पाडवी हे आडनाव घरोघरी आहे. padvi वाचून आमच्याकडचा माणूस मालकाचं नाव समजेल.

फलकवाला
मुद्दा रास्त आहे, पण येणारे बहुतेक चिपळूण-खेडचे. मला काळजी वेगळी: पडवी नावाची घरगुती निवासं कोकणात बरीच. राहायची खोली मागणारे फोन येतील. ओसरीला ती अडचण कमी.

रानजाई
हो, काल शोधून पाहिलं तेव्हा निवासंच वर आली. म्हणून 'कामाची पडवी' असा विचार आहे. पाटीवर दोनच शब्द असतील. खालची ओळ आजच कागदावर लिहून लावली आणि त्या मुलीला फोटो पाठवला. सोमवारी येते म्हणालीय, तिला 'ओसरी' आणि 'कामाची पडवी' ही दोन्ही नावं विचारते. कोणाला 'कामाची पडवी' ऐकून मजुरांचा नाका वाटतो का, तेवढं खरं सांगा.