फोटोत हसू घातलं आणि आई म्हणाली, "हे कोण?"

सुहास, नाशिक
बाबांच्या वर्षश्राद्धासाठी फोटो मोठा करून घेतला. मूळ फोटो ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, तोंड मिटलेला. स्टुडिओवाल्याने मागचा पडदा बदलला, शर्टावर कोट चढवला, कपाळावरचा डाग काढला. कुणालाच खटकलं नाही. मग मीच सांगून हलकं हसू घालून घेतलं, तर आई म्हणाली, "हे कोण?" कोट चालतो, मग हसूच का नाही?

जुना डार्करूमवाला
मी वीस वर्षं जुने फोटो दुरुस्त करतोय. पडदा आणि कोट चेहऱ्याच्या बाहेरचे. डाग काढला तरी नाक, डोळे, जबडा जागच्या जागी राहतात. हसू मात्र ओठांपुरतं नसतं. माणूस हसला की गाल वर चढतात, खालच्या पापण्या वर सरकतात, नाकपुड्या पसरतात, वरचा ओठ ताणून पातळ होतो, नाकापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल जाते. म्हणजे अर्धा चेहरा नव्याने बसवायचा, आणि तो कसा बसतो हे मिटलेल्या तोंडाच्या फोटोत कुठेच नसतं. दात दाखवले तर ते दुसऱ्याच कुणाचे तरी असतात.

फोटोशॉपमध्ये २०१६ पासून चेहऱ्यासाठी `Smile` नावाची पट्टी आहे. ती सरकवली की ओठांचे कोपरे उचलले जातात, डोळे तसेच राहतात. फोटोचा खालचा अर्धा भाग कागदाने झाका आणि फक्त डोळे बघा. ते ओळखपत्रावरचेच गंभीर डोळे असतील, तर आईंना काय दिसलं ते कळेल.

अमोल पी.
म्हणजे काम कच्चं झालं, एवढंच ना? दुशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच दाखवलं होतं की मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळला जातो. डोळे बारीक करून घ्या, प्रश्न मिटला.

जुना डार्करूमवाला
डोळ्यांचं बरोबर आहे. पण त्याने हसू खरं वाटेल, बाबांचं वाटेलच असं नाही. माझ्याकडे एक भाऊ-बहीण अण्णांचा फोटो घेऊन आले होते. मी गाल, पापण्या, घड्या सगळं नीट केलं. भाऊ खूश झाला. बहीण बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अण्णा असे दोन्हीकडून हसायचे नाहीत." मग तिने लग्नातला एक ग्रुप फोटो आणला. त्यात अण्णांचा डावा कोपरा आधी वर गेलेला, उजवा जवळजवळ सरळ, आणि डावा डोळा पार मिटलेला. तसं केल्यावर चेहरा वाकडा दिसायला लागला, भावाला तो आवडेना. बहीण मात्र रडली. फोटो तोच न्यायचा ठरलं.

अनोळखी माणसाला नाक-डोळ्यांवरून ओळख पटते. घरच्यांना चेहरा हलतो कसा, तेही पाठ असतं.

वैशाली ताई
माझा पासपोर्टचा फोटो हसरा होता म्हणून परत पाठवला होता. तोंड मिटून, सरळ बघून पुन्हा काढावा लागला. तेच कारण का?

जुना डार्करूमवाला
ताई, तुमचं हसू तुमचंच होतं, कुणी घातलेलं नव्हतं. पण हसताना चेहऱ्याची मापं बदलतात, म्हणून तिथे साधा चेहरा मागतात. तेवढा धागा जुळतो.

मीनल, पुणे
मला हे पटत नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मला न विचारता दोन शेड गोरं केलं. नाक, ओठ, हसू सगळं माझंच, तरी त्या फोटोत मी नाही. डाग काढणंसुद्धा इतकं साधं नसतं. आजीच्या हनुवटीवरचं गोंदण कुणी काढलं तर आजी उरेल का? हसूच सगळ्यात मोठा बदल, हे कुणी ठरवलं?

केदार
मीनल, तुमचं म्हणणं खरं आहे, पण एक फरक उरतो. रंग बदलला की माणूस कसा दिसत होता ते खोटं होतं. हसू घातलं की त्याला काय वाटत होतं, तेही खोटं होतं. एप्रिल २०२१ मध्ये व्हाइस या माध्यमाने कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे रंगवलेले फोटो छापले होते. ख्मेर रूजच्या राजवटीत तिथे हजारो लोकांना डांबलं, छळलं, मारलं. वाचले ते बोटांवर मोजण्याइतके. मॅट लॉफ्री यांनी रंगवलेल्या त्या फोटोंतले काही चेहरे हसत होते. मूळ फोटो शेजारी ठेवल्यावर दिसलं की तिथे हसू नव्हतंच. नातेवाइकांनी आणि कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने निषेध केला, लेख काढून टाकावा लागला. रंगावरही बोलणारे होते, पण संताप मुख्यतः हसण्यावर होता.

सुहास, नाशिक
बाबांना कुणी डांबलं नव्हतं, केदार. ते घरात खूप हसायचे, फक्त कॅमेऱ्यासमोर गप्प व्हायचे. माझ्या मुलीने त्यांना पाहिलेलंच नाही, तिने हा गंभीर चेहराच आजोबा म्हणून धरायचा का?

मीनल, पुणे
हसतानाचा एखादा खरा फोटो मिळतोय का बघा. हललेला, अर्धवट कापलेला, कसाही चालेल.

सुहास, नाशिक
मामाकडे मुंजीचा एक आहे. बाबा मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. आईला दाखवला. तिने बोट ठेवून लगेच सांगितलं, "हे बघ, हसतायत." मला तिथे फक्त एक डोळा आणि गाल दिसतो.