शब्दचर्चा: खुनाचा छडा, उकल की उलगडा?

मीरा

लिओनार्दो शाशा या सिसिलियन लेखकाच्या १९६१ च्या ‘इल जॉर्नो देल्ला चिव्हेत्ता’ या कादंबरीवर लेख लिहिते आहे. त्यात एक वाक्य आहे: ‘कॅप्टन बेल्लोदी खुनाचा उलगडा करतो, पण गुन्हेगार सुटतात.’ संपादकांनी ‘उलगडा’ खोडून ‘उकल’ केलं. मला दोन्ही शब्द खटकतात, पण का ते सांगता येत नाही. छडा, उकल, उलगडा यांत नक्की फरक काय? की तिन्ही एकच?

बाराखडी

उकल आणि उलगडा एकच. उकलायची ती गाठ किंवा शिवण, उलगडायची ती घडी. दोन्हींत बंद असलेलं मोकळं होतं. छडा ‘लावावा’ लागतो, म्हणजे त्यात माणसाची मेहनत आली. गुप्तहेर छडा लावतो आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करतो. गुन्हेगार पकडला गेलाच पाहिजे हा तर रहस्यकथेचा नियमच आहे, इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने लेखकांसाठी घातलेल्या दहा आज्ञांत तो आहे.

जुनी प्रत

शब्दांचं पटलं, नियमाचं नाही. नॉक्सच्या १९२९ च्या दहा आज्ञांत अटकेचा किंवा शिक्षेचा उल्लेखच नाही. त्या सगळ्या वाचकाशी प्रामाणिक राहण्याबद्दल आहेत. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीलाच येऊन गेलेला असावा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला दाखवले तो नसावा. गुप्त वाट एकाहून जास्त नको. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दिसावा. पुढे न्यायालयात काय होतं, हा प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही. खून कोणी केला ते कळलं की जग पुन्हा जागेवर आलं, असं गृहीत धरलेलं आहे.

शाशा बोट ठेवतो ते या गृहीतावर. मीरा, तुम्हाला ‘उलगडा’ खटकतो तो त्यामुळेच असावा. उलगडा झाला की सगळ्यांसमोर झाला, आता झाकण्यासारखं काही उरलं नाही, असा त्या शब्दाचा सूर आहे. या कादंबरीत बेल्लोदीला सगळं कळतं, वाचकालाही कळतं, आणि अधिकृत कागदावर भलतंच उमटतं. तिथे छडा लागला आहे, उलगडा झालेला नाही.

आणखी एक. बाराखडींनी दहा आज्ञा काढल्या, पण इथे लागू पडतो तो दुसऱ्याच यादीतला नियम. अमेरिकन रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइनने १९२८ मध्ये वीस नियम छापले. त्यातला तेरावा सांगतो की गुप्त संघटना, कामोरा, माफिया यांना रहस्यकथेत जागा नाही. कारण, खुन्याला थोडी संधी जरूर द्यावी, पण त्याच्या पाठीशी अख्खी संघटना उभी करणं म्हणजे खेळ बिघडवणं. हा नियम त्याने खेळ म्हणून लिहिला. शाशाच्या सिसिलीत वस्तुस्थितीच ती होती. म्हणजे तेरावा नियम मोडल्याशिवाय तिथला खून लिहिताच येत नाही.

फौजदारी

आमच्याकडे हे शब्द वेगवेगळ्या टप्प्यांचे आहेत, म्हणून भर घालतो. पोलिसांच्या भाषेत गुन्हा ‘उघडकीस येतो’ आणि आरोपी ‘निष्पन्न होतो’. वर्तमानपत्र त्यालाच ‘उकल’ म्हणतं. न्यायालयात गुन्हा ‘शाबीत’ होतो किंवा होत नाही. उकल झालेला प्रत्येक गुन्हा शाबीत होतोच असं नाही.

कादंबरी मी वाचलेली नाही. पण त्यात कबुलीजबाब असेल तर गुन्हेगार सुटण्यात नवल नाही. पोलिसापुढची कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पूर्वी साक्षीपुराव्याच्या कायद्यात कलम २५ होतं, २०२३ च्या नव्या कायद्यात ते कलम २३ झालं.

जुनी प्रत

कबुली आहे, पण ती कायद्याच्या मुद्द्यावर पडत नाही. पडते कशी, ते पाहण्यासारखं आहे, म्हणून साखळी सांगतो.

पहाटे चौकातून पालेर्मोची बस सुटणार, तेवढ्यात धावत येऊन पाय ठेवणाऱ्या कोलास्बेर्नाला गोळ्या लागतात. तो छोटा बांधकाम कंत्राटदार, आणि त्याच्या सहकारी संस्थेने माफियाचं ‘संरक्षण’ घ्यायला नकार दिलेला. त्याच सकाळी निकोलोझी नावाचा झाडं छाटणारा बेपत्ता होतो, कारण पळणाऱ्या खुन्याला त्याने ओळखलेलं असतं. निकोलोझीने घरी उच्चारलेलं खुन्याचं टोपणनाव त्याच्या बायकोला आठवतं. त्यावरून मार्किका सापडतो. एक खबऱ्या स्वतः मारला जाण्यापूर्वी दोन नावं लिहून पाठवतो: मार्किकाला खुनाचं काम देणारा पित्सुको आणि त्याच्यामागचा माफियाचा म्होरक्या दॉन मारिआनो. मग बेल्लोदीची माणसं पित्सुकोच्या नावाने खोटा जबाब रचतात, तो मार्किकाला ऐकवतात, आणि पित्सुकोने आपल्याला विकलं या संतापात मार्किका तोंड उघडतो. दॉन मारिआनोलाही अटक होते.

इथवर ही नियमाप्रमाणे चाललेली, उत्तम बांधलेली तपासकथा आहे. बेल्लोदी रजेवर आपल्या गावी, पार्माला गेलेला असताना साखळी तुटते. खुनाच्या वेळी मार्किका आमच्यासोबत दूर दुसऱ्या गावी होता, असं प्रतिष्ठित, निष्कलंक माणसं सांगतात. निकोलोझीचा खून त्याच्या बायकोच्या प्रियकराच्या माथी मारला जातो. हे सगळं बेल्लोदीला वर्तमानपत्रांतून कळतं.

कोकणकडा

म्हणजे बायकोचा प्रियकर हा चकवा झाला! दिशाभूल करणाऱ्या धाग्याला मी ‘चकवा’च म्हणतो. ‘दिशाभूल’ म्हटलं की कोणीतरी मुद्दाम केलेली वाटते. चकवा लागला की माणूस आपल्याच पायांनी त्याच बांधावर फिरत राहतो.

जुनी प्रत

शब्द छान आहे, पण इथे नेमका उलटा लागू होतो. नेहमीच्या रहस्यकथेत चकवा मध्यावर येतो, गुप्तहेर त्याला ओळखतो आणि बाजूला सारतो. इथे बेल्लोदीने तो आधीच ओळखलेला असतो. बायकांवरून, प्रेमावरून खून झाला असं ठरणं माफियाला फार सोयीचं, कारण मग मामला त्या घरापुरता उरतो. आणि शेवटी तोच चकवा सरकारी उत्तर ठरतो. त्यामुळे तुमचा चकवा कमी आणि ‘दिशाभूल’ जास्त, कारण ती मुद्दाम केलेली आहे.

सायली

विषय थोडा वळवते. माझ्या कादंबरीत बिल्डरने केलेला खून आहे आणि शेवटी तो सुटतो. तीन जणांनी कच्ची प्रत वाचली. तिघेही म्हणाले, शेवट फसवल्यासारखा वाटतो. सामाजिक मुद्दा असेल तर उलगडा न देता शेवट मोकळा सोडलेला चालतो ना?

जुनी प्रत

तुमच्या शेवटी वाचकाला खुनी कोण ते पक्कं कळतं का, आणि तपास कुठे अडतो?

सायली

कळतं, पण अंदाजाने. इन्स्पेक्टरकडून सीसीटीव्हीचं फुटेज वेळेत घेतलं जात नाही आणि ते पुसलं जातं.

जुनी प्रत

मग दोष तिथेच आहे. फुटेज हुकलं की वाचक इन्स्पेक्टरला दोष देतो, बिल्डरच्या पाठीशी असलेल्या व्यवस्थेला नाही. शाशाने काय केलं बघा. तपास अधिकारी हुशार, प्रामाणिक, आणि त्याचा छडा निःसंशय. अंदाजाला जागाच नाही. त्यानंतर एकच दुवा तोडला, आणि तोडणारे कोण, ते कशाच्या बळावर तोडतात, हे आधीपासून दाखवत आणलं. मधूनमधून रोममधल्या बिननावाच्या बड्या माणसांचे संवाद येतात. नावं नाहीत, हुद्दे नाहीत, फक्त काळजीने चाललेली बोलणी. पुढे संसदेत सरकारचा प्रतिनिधी माफिया अस्तित्वातच नाही म्हणतो. त्यामुळे शेवटी साक्षीदार उभे राहतात तेव्हा फसवल्यासारखं वाटत नाही, राग येतो, आणि तो योग्य जागी येतो.

तुम्ही फुटेज वेळेत मिळू द्या. ते स्पष्ट असू द्या. मग ते कुठल्या टेबलावर, कोणाच्या सहीने निकामी होतं ते लिहा, आणि ते टेबल पहिल्या पन्नास पानांत एकदा तरी दाखवून ठेवा. नॉक्सचा नियम इथेही पाळायचा, फक्त धागे खुन्याचे नसून तो सुटण्याचे पेरायचे.

बाराखडी

पण मग याला ‘रहस्यकथा’ तरी का म्हणायचं? रहस्य कुठे आहे?

मीरा

मला हेच विचारायचं होतं. बस सुटायच्या वेळी चौकात भज्यांसारखे तळलेले पदार्थ विकणारा असतो. पोलीस येईपर्यंत बसमधले सगळे उतारू पांगतात, तोही सटकतो. त्याला शोधून आणून विचारतात, गोळ्या कोणी झाडल्या? तो नवलाने विचारतो, ‘का, गोळ्या झाडल्या?’ रहस्यकथेत साक्षीदार भरपूर बोलतात आणि त्यातला एक खोटं बोलतो. इथे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच बोलत नाही.

फौजदारी

त्याला मराठीत ‘उघड गुपित’ म्हणतात. आणि आमचा अनुभवही तोच. साक्षीदार फितूर होतो तो आधी बोललेला असतो. न बोललेला साक्षीदार कागदावर येतच नाही.

बेल्लोदीने पैशाचा माग का काढला नाही? एवढ्या लोकांच्या साक्षीपेक्षा बँकेचं पासबुक जास्त टिकतं.

जुनी प्रत

तोच विचार त्याच्या मनात येतो. मुसोलिनीच्या काळात मोरी नावाच्या प्रीफेक्टने, म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रांतप्रमुखाने, माफियाविरुद्ध केली तशी दडपशाही करावी असा मोह त्याला क्षणभर होतो. तो ती कल्पना झटकतो आणि म्हणतो, यांची बँक खाती, जमिनी, करांचे हिशेब तपासायला हवेत. पण ते अधिकार त्याला नाहीत. इटलीत माफिया संघटनेचा सदस्य असणं हाच गुन्हा ठरवणारा आणि मालमत्तेच्या चौकशीची व जप्तीची वाट उघडणारा कायदा सप्टेंबर १९८२ मध्ये झाला, खासदार पिओ ला तोर्रे आणि पालेर्मोचे प्रीफेक्ट जनरल दाल्ला किएझा यांच्या माफियाने केलेल्या खुनांनंतर. कादंबरीनंतर एकवीस वर्षांनी.

कोकणकडा

नावाचं विचारायचं राहिलं. सगळीकडे ‘घुबडाचा दिवस’ असं वाचलं.

जुनी प्रत

‘चिव्हेत्ता’ म्हणजे मोठं घुबड नव्हे, लहान जातीचं, आपल्या पिंगळ्याचा जवळचा भाऊबंद. मी ‘पिंगळ्याचा दिवस’ म्हणेन. रात्री हिंडणारा पक्षी दिवसा दिसावा, तसा दिवसाढवळ्या झालेला खून.

बाराखडी

‘पिंगळा’ म्हटलं की मराठी वाचकाला पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा आठवेल. ‘घुबड’च बरं.

मीरा

त्यावर अजून विचार करते. वाक्य मात्र असं केलं: ‘बेल्लोदी खुनाचा छडा लावतो, आरोपी निष्पन्न होतात, गुन्हा मात्र शाबीत होत नाही.’ उकल आणि उलगडा दोन्ही काढले.

फौजदारी

‘शाबीत होत नाही’ म्हटलं की खटला चालला, साक्षी झाल्या, निकाल लागला असं होतं. वर सांगितलेल्या हकिकतीत माणसं त्याआधीच सुटली आहेत. ‘खटला उभाच राहत नाही’ असं लिहा.