कन्नड शिकायला अ‍ॅप पुरे, गट म्हणजे टाइमपास?

नवा बेंगळुरूकर
अडीच महिन्यांपूर्वी पुण्याहून बेंगळुरूला आलो. फोनवरच्या अ‍ॅपवर रोज पंधरा मिनिटं कन्नड, सलग 74 दिवस, एकही खाडा नाही. आमच्या सोसायटीत दर रविवारी कन्नड बोलायचा गट भरतो. एकदा गेलो, तास फुकट गेला. नोकरी करणाऱ्या माणसाने अ‍ॅपच वापरावं, गट म्हणजे निवृत्तांचा टाइमपास, असं माझं स्पष्ट मत झालंय. तुमचं?

हुबळीची सून
74 दिवसांत शेजाऱ्याशी किती वाक्यं बोललात, तो आकडा लिहायचा राहिला वाटतं.

मी साताऱ्याची. लग्न होऊन हुबळीला आले, आता नऊ वर्षं बेंगळुरूत आहे. सुरुवातीला मीही अ‍ॅपच धरून बसले होते, म्हणून अधिकाराने बोलते. त्याची मुळातली भानगड ही की ते आपल्याला इंग्रजीतून शिकवतं. समोर 'आय वॉन्ट वॉटर' येतं, आपण 'आय'च्या जागी 'नानु' ठेवतो आणि दुकानात जाऊन म्हणतो, 'नानु नीरु बेकु'. दुकानदार हसतो, कारण आपण 'मी पाणी पाहिजे' म्हटलेलं असतं. खरं वाक्य 'नंगे नीरु बेकु'. नंगे म्हणजे मला, बेकु म्हणजे पाहिजे. मला पाणी पाहिजे! मधे इंग्रजीला कशाला आणायचं? 'मला कन्नड येतं' हेही 'नंगे कन्नड बरुत्ते', त्यातही येणंच. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. इथे 'होग्बर्तीनि', म्हणजे जाऊन येतो. हे मला गटातल्या मेष्ट्रूंनी, म्हणजे मास्तरांनी, एका रविवारी दाखवलं. निवृत्त पोस्टमास्तर आहेत. तुमच्या भाषेत टाइमपास.

दुसरं, अ‍ॅपने मला 'ये'साठी 'बा' शिकवलं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच ना. आमच्या वॉचमन काकांना, माझ्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला, मी खणखणीत आवाजात 'इल्लि बा' म्हटलं. आले बिचारे, पण नंतर महिनाभर माझ्याकडे बघून मान हलवली नाही. 'बन्नि' म्हणायचं असतं हे मला सासूबाईंकडून कळलं, तेही बोलणी खाऊन.

आणि गटात काय होतं म्हणाल, तर आमच्या गटाचा एकच नियम आहे. आठवड्यात जे वाक्य बोलता आलं नाही ते घेऊन यायचं. माझं पहिलं वाक्य सिलिंडरचं. सिलिंडरवाल्याचा फोन आला की मी गोठायचे, कारण फोनवर हातवारे चालत नाहीत. मला एवढंच सांगायचं होतं की घरी नाहीये, खाली ठेवा. 'मनेलि इल्ल, केळगडे इडि.' मेष्ट्रु सिलिंडरवाले झाले, खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसले आणि मी बोलल्यावर लगेच म्हणाले, 'दुड्डु यारु कोडतारे?' पैसे कोण देणार! हे माझ्या पाठांतरात नव्हतं. सात वेळा केलं ते आम्ही. पुढच्या मंगळवारी खरा फोन आला, त्यानेही नेमकं हेच विचारलं, आणि मी 'वाचमन कोडतारे' म्हणून फोन ठेवला. चौदा सेकंद. मग स्वयंपाकघरात एकटीच हसले.

अर्धा कप चहा
ताई, तुमचे मेष्ट्रु चांगले निघाले म्हणून सगळे गट चांगले होत नाहीत. मी दोन गट केले. दर रविवारी दोन नवे भिडू यायचे, की परत पहिल्यापासून 'नन्न हेसरु अमुक, नन्न ऊरु तमुक'. सहा रविवार माझं नाव सांगत होतो. वीस मिनिटांनी कुणीतरी हिंदीत विनोद करायचा आणि उरलेला तास हिंदीत. लिपी मात्र अ‍ॅपवरच शिकलो, रात्री दहा-दहा मिनिटं, तीन आठवड्यांत. आता बसच्या पाट्या वाचतो. गटात कोण 'क का कि की' घोटून घेणार आहे?

शिवाय कन्नड ही मराठीची सख्खी बहीणच. कितीतरी शब्द संस्कृत, तुपाला तुप्प, चिल्लरला चिल्लरे. शब्द भरले की काम झालं, आणि शब्द भरायला अ‍ॅपसारखं काही नाही.

चौथा ब्लॉक, जयनगर
लिपीचं शंभर टक्के मान्य. ती एकट्यानेच घोटायची गोष्ट आहे. सहा रविवार नाव सांगत होतात हेही पटतं. महिन्याभरानंतरही आपण नाव-गावच सांगत असलो तर तो गट सोडावा, त्यात पाप नाही.

पण सख्खी बहीण नव्हे हो. कन्नड द्राविडी कुळातली. शेजारीण म्हणा, हजारेक वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली. म्हणून वाक्याची ठेवण जुळते आणि तिथेच फसगत होते. मी 1987 साली इथे आलो तेव्हा रोज बसस्टॉपवर 'बस बंदा, बस बंदा' म्हणायचो. मागचे लोक खुदकन हसायचे. बंदा म्हणजे 'तो आला', आणि तो म्हणजे पुरुष. बस, पाऊस, दूधवाल्याची सायकल, सगळं 'बंतु'. आपल्याला ती बस, तो पाऊस, ते दूध असं प्रत्येक वस्तूला लिंग चिकटवायची खोड. कानडीत निर्जीव वस्तू सरसकट नपुंसक. सोपंच आहे, पण जीभ ऐकत नाही.

आणि शब्द भरायचे तर कुठल्या लिपीतून भरता ते बघा. रोमनमध्ये 'बेले' असं एकच दिसतं. दुकानात ते तीन शब्द आहेत. किंमत म्हणजे बेले, आखूड ए. पीक म्हणजे बेळे, आखूड ए आणि आपला ळ. डाळ म्हणजे बेळे, पण ए लांब, बेऽळे. ळ आपल्याला आयता येतो, इथे आलेल्या दिल्लीकरांना जन्मभर येत नाही. आखूड-लांब ए मात्र मराठी कानाला ऐकूच येत नाही. मी सहा महिने तुरीचं पीक मागत होतो.

बेळगावी कुंदा
आम्हाला ना अ‍ॅप लागलं ना गट. बेळगावात गल्लीत मराठी, शाळेच्या मैदानावर कन्नड. बेंगळुरूत नोकरीला आलो, थाटात म्हणालो 'बस ऐति, बर्री!', म्हणजे बस आहे, या. ऑफिस हसलं. इथे 'इदे' आणि 'बन्नि' लागतं म्हणे. म्हणजे जन्मापासून बोलतोय ती भाषा चुकीची, आणि अ‍ॅपवाल्याची 74 दिवसांची बरोबर! आधी कुठल्या गावची कन्नड शिकायची ते ठरवा, मग भांडा.

कोथरूडकर
सगळं वाचून गंमत वाटली. आपण बेंगळुरूला जाऊन आखूड ए आणि लांब ए करतोय, आणि पुण्यात दहा-दहा वर्षं राहिलेले लोक 'भैया, थोडा साइड' च्या पुढे जात नाहीत. कर्नाटकाने दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नडचा कायदा केला, म्हणून तिथे आपण नमतो. अभिजात दर्जा 2024 ला मिळाला, पुढे काय? आधी इथे येणाऱ्यांसाठी मराठीचे गट काढा.

नवा बेंगळुरूकर
धागा कन्नड शिकण्याबद्दल आहे.

कोथरूडकर
धागा स्वाभिमानाबद्दलच आहे, तुम्हाला कळत नाही एवढंच.

हुबळीची सून
अहो कोथरूडकर, स्वाभिमानाचं राहू द्या, एक सांगा. मागच्या आठवड्यात कुणी मोडक्या मराठीत तुम्हाला काही विचारलं असेल, तर तुम्ही उत्तर कुठल्या भाषेत दिलंत?

कोथरूडकर
समोरच्याला समजावं म्हणून हिंदीत. त्यात काय? मदतच केली.

हुबळीची सून
हीच ती मदत! माझ्या भावाच्या सोसायटीत एक तेलुगू मुलगी मराठीचे क्लास करते. लिफ्टमध्ये तिने म्हटलं, 'काका, पाणी आला का?' तर तीन काकांनी तिला हिंदीतून सांगितलं की पाणी आलं नाही. आला-आली-आलं शिकायची तिची ती संधी होती. पहिल्या चुकीला आपणच हिंदीत घसरतो आणि वर ओरडतो की कुणी शिकत नाही.

बेळगावी कुंदा
बरोबर. आणि बेळगावावर बोलायचं असेल तर मला बरंच...

चौथा ब्लॉक, जयनगर
नको. तो धागा वेगळा काढा, मी येतो भांडायला.

कोथरूडकर
म्हणजे दोष आमचाच! वा! उद्यापासून चुकीच्या मराठीला टाळ्या वाजवतो.

अर्धा कप चहा
टाळ्या नको, नुसतं मराठीत उत्तर द्या. बाकी ही घसरगुंडी इथेही आहे. मी कन्नडमध्ये विचारलं की रिक्षावाले हिंदीत उत्तर देतात, माझं तोंड बघूनच. आता पहिल्यांदाच सांगतो, 'कन्नडदल्ले हेळि, कलीता इदीनि', कन्नडमध्येच सांगा, शिकतोय. दहातले पाच-सहा थांबून सावकाश बोलतात. उरलेल्यांना घाई असते. हे वाक्य, नाइलाजाने सांगतो, गटातच मिळालं. त्या सहा रविवारांची तेवढीच कमाई.

मुक्काम चेन्नई
तमिळसाठी चांगलं अ‍ॅप कुठलं? बायकोची बदली झाली आहे. फुकटातलं सांगा.

नवा बेंगळुरूकर
सगळं वाचलं. टाइमपास हा शब्द मागे घेतो, तोही फक्त हुबळीच्या ताईंच्या गटापुरता. अ‍ॅप सोडणार नाही, 74 चे आता 77 झालेत.

पण एक अडलंय. आज वॉचमनना 'बन्नि' म्हणून (आभार) टँकरचं विचारलं. ते भरभर काहीतरी बोलले, त्यातलं 'नाळे' म्हणजे उद्या एवढं कळलं. शेवटचा शब्द 'बर्बोदु' असा काहीसा होता. अ‍ॅपमध्ये शोधला, असा शब्दच नाही.

हुबळीची सून
आहे, पण 'बरबहुदु' असा छापील. तोंडात त्याचं 'बर्बोदु' होतं, जसं 'बरुत्तेने'चं 'बर्तीनि'. अर्थ, 'येऊ शकतो', 'येईल कदाचित'.

नवा बेंगळुरूकर
म्हणजे उद्या टँकर येणार?

चौथा ब्लॉक, जयनगर
वॉचमन 'बर्ता इदे' म्हणाला असता तर येतोय. 'बर्बोदु' म्हणाला ना? बादल्या आजच भरून ठेवा.