मदत हवी आहे : ‘क’ तुकडीच्या प्रसंगाला कोणता दृष्टिकोन लावायचा?

समाजशास्त्राच्या पेपरातल्या जोड्यांच्या प्रश्नात प्रत्येक प्रसंगाला प्रकार्यवाद, संघर्षवाद किंवा आंतरक्रियावाद यांपैकी एक दृष्टिकोन लावायचा आहे. त्यातला एक प्रसंग अडला आहे: ‘शाळा गुणांवरून तुकड्या पाडते. क तुकडीत बहुतेक मुलं मजुरांची आहेत. शिक्षक त्यांना सोपेच प्रश्न विचारतात आणि वर्षअखेर मुलं स्वतःलाच ढ म्हणू लागतात.’

विषयावरून उत्तर ठरत नाही, हे माहीत आहे. शिक्षण दिसलं की प्रकार्यवाद लिहायचा, ही नेहमीची चूक. म्हणून वाक्यातला कर्ता आणि परिणाम पाहिला. तुकड्यांमुळे योग्य मुलं योग्य कामांकडे जातात, असं म्हटलं असतं तर प्रकार्यवाद. डेव्हिस आणि मूर या समाजशास्त्रज्ञांची 1945 मधली मांडणी तीच. पण इथे समाजाला होणाऱ्या उपयोगाचा शब्दही नाही, म्हणून तो बाद.

खरा पेच उरलेल्या दोघांत आहे. ‘मजुरांची’ हा शब्द संघर्षवादाकडे ओढतो, कारण वर्गीय विषमता शाळेतून पुढे चालू राहते. शेवटचं वाक्य मात्र शिक्कामारणीचं आहे: समोरासमोरच्या वागण्यातून मुलाची स्वतःबद्दलची प्रतिमा घडते. हा सरळ आंतरक्रियावाद.

माझा कल आंतरक्रियावादाकडे आहे. वर्गाचा उल्लेख नुसती पार्श्वभूमी वाटतो. त्यातून फायदा कोणाला होतो, हे प्रसंग सांगत नाही. तपासणारे अशा वेळी शेवटच्या परिणामाला धरतात, की ‘मजुरांची’ एवढ्या इशाऱ्यावर संघर्षवाद मान्य करतात? पर्याय एकच निवडायचा आहे, कारण लिहायला जागा नाही.