मदत हवी आहे: ट्रेनी इंजिनिअरच्या अर्जासाठी कव्हर लेटर

धातुवेडा: मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका स्टील प्लांटमध्ये ट्रेनी इंजिनिअर पदासाठी अर्ज करतोय. उन्हाळ्यात दुसऱ्या एका प्लांटच्या कास्टरवर सहा आठवडे होतो. पत्रातला मधला परिच्छेद असा आहे:

"मी मेहनती असून मला पोलादनिर्मितीची आवड आहे. इंटर्नशिपमध्ये मी नोझल चोकिंगची समस्या कमी केली."

सर म्हणाले, हे कुणीही लिहील. काय बदलू?

विदर्भकन्या: पत्र कशाला? सरकारी कंपनीत गेटचा स्कोअर पाहतात. माझ्या वेळी डोळ्यांच्या तपासणीतच धाकधूक होती, तू रंगांची टेस्ट आधी करून घे.

धातुवेडा: ताई, ही खासगी कंपनी आहे, पत्र मागितलंय.

जुना कास्टरवाला: दुसरं वाक्य आधी काढा. सहा आठवड्यांत इंटर्नने चोकिंग कमी केलं, हे कास्टरवर उभा राहिलेला माणूस मानणार नाही. रोज काय करत होता ते सांगा.

धातुवेडा: 38 हीटच्या लॉगशीटवरून स्टॉपर रॉडची पोझिशन उतरवून घ्यायचो. स्पीड तेवढाच असून रॉड हळूहळू वर जात राहिला की नोझल आतून आवळतोय, हे ऑपरेटर काकांनी दाखवलं. असं 11 हीटमध्ये दिसलं. वापरून काढलेला एक नोझल फोडला तर आत पांढरट थर. कॉलेजात तपासला, बहुतेक ॲल्युमिना निघाला.

पोलादी: मग उपायही लिही की! कॅल्शियम वायर वाढवली की ॲल्युमिना पातळ होतो, चोकिंग जातं.

जुना कास्टरवाला: पातळ होतो हे खरं. पण सल्फर जास्त असेल तर कॅल्शियम सल्फाइड तयार होतं, आणि तेही घट्ट होऊन नोझलमध्येच बसतं. मुलाखतीत पुढचा प्रश्न हाच येईल. जे करून पाहिलं नाही ते पत्रात नको.

धातुवेडा, एक विचारतो. त्या 11 हीटमध्ये टंडिशचं वजन पाहिलंत का? लॅडल बदलताना टंडिशची पातळी उतरते, तेव्हाही रॉड वर जातो.

धातुवेडा: नव्हतं पाहिलं. वही काढून आत्ता बसलो. तीन हीटमध्ये रॉड वर गेला तो लॅडल बदलतानाच. म्हणजे उरल्या आठ. आता असं लिहिलंय:

"38 हीटच्या नोंदी तपासल्या. टंडिशचं वजन आणि स्पीड स्थिर असतानाही आठ हीटमध्ये स्टॉपर रॉड वर सरकत गेला. एका वापरलेल्या नोझलमधल्या थरात प्रामुख्याने ॲल्युमिना आढळला. कॅल्शियम आणि सल्फरच्या नोंदींशी याचा संबंध तपासायचा राहिला आहे. ते काम मला आपल्या कास्टरवर शिकायचं आहे."

जुना कास्टरवाला: हे वाचून मी तुम्हाला बोलावलं असतं. ग्रेड आणि हीट नंबर मात्र कुठेही देऊ नका, तो त्या प्लांटचा माल आहे.

पोलादी: प्लांटचं नावही नको मग.

जुना कास्टरवाला: नाव बायोडेटात येणारच ना?

धातुवेडा: तिथल्या गाइडना विचारून ठरवतो.